मुंबई राज्य ते महाराष्ट्र: बदलत्या सीमांच्या ॲनिमेशनसाठी प्रॉम्प्ट कसा लिहावा

‘१९५० ते १९६० या काळात महाराष्ट्र कसा तयार झाला ते नकाशावर दाखवणारा ॲनिमेटेड व्हिडिओ बनव’ असं व्हिडिओ बनवणाऱ्या एखाद्या एआय टूलला सांगून पाहा. रंगीत, गुळगुळीत, अगदी टीव्हीवर शोभेल असं काहीतरी मिळतं. मग ते थांबवून नीट बघायचं. गुजरातचा किनारा दर सेकंदाला थोडा वेगळा दिसतो. ‘मुंबई’ या शब्दातली वेलांटी भलत्याच अक्षरावर चढलेली असते. आजचा महाराष्ट्र १९५० सालीच पूर्ण आकारात उभा असतो आणि सीमा रबरासारखी ताणली जात असते. अशी टूल्स नकाशा वाचत नाहीत, नकाशासारखं दिसणारं चित्र काढतात, त्यामुळे प्रॉम्प्ट कितीही लांब लिहिला तरी हे पूर्ण सुधारत नाही.

म्हणून इथे वेगळी वाट धरली आहे. व्हिडिओ मागायचाच नाही. कोड लिहिणाऱ्या चॅटबॉटकडून ब्राउझरमध्ये चालणारी एक छोटी फाइल लिहून घ्यायची. नकाशा आपण द्यायचा, कोणता जिल्हा कधी कोणत्या राज्यात होता याचा तक्ता आपण द्यायचा, लेबलांचे शब्दही आपणच द्यायचे. एआयकडे काम एवढंच, की सांगितलेल्या वेळी सांगितलेला जिल्हा सांगितलेल्या रंगात रंगवायचा. इतिहास आपल्या हातात राहतो आणि चूक झाली तर ती तक्त्याच्या नेमक्या कोणत्या ओळीत आहे हे दाखवता येतं.

उदाहरण आठवीच्या इतिहासातल्या महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीचं घेऊ.

आधी चौकटी ठरवा

प्रॉम्प्ट लिहायच्या आधी कागदावर एवढंच लिहा: नकाशा किती वेळा बदलतो आणि कोणत्या तारखेला. या धड्यासाठी चार चौकटी पुरतात.

पहिली चौकट २६ जानेवारी १९५०. १५ ऑगस्ट १९४७ पासून सुरुवात करायचा मोह होतो, तो टाळा. तेव्हा सांगली, मिरज, फलटण, औंध, भोर, जत, सावंतवाडी अशी संस्थानं नकाशावर तीळ सांडावेत तशी विखुरलेली होती. ती १९४८ मध्ये, कोल्हापूर आणि बडोदा १९४९ मध्ये मुंबईत विलीन झाली. वर्गातल्या पडद्यावर ते ठिपके दिसत नाहीत, आणि दिसले तरी मुलांचं लक्ष मूळ गोष्टीवरून उडतं. १९५० पर्यंत चित्र स्वच्छ होतं: मुंबई राज्य गुजरातपासून कारवारपर्यंत, मराठवाडा हैदराबाद राज्यात, विदर्भ मध्य प्रदेशात (राजधानी नागपूर), सौराष्ट्र आणि कच्छ वेगळे, गोवा पोर्तुगीजांकडे.

दुसरी चौकट १ नोव्हेंबर १९५६, राज्य पुनर्रचना. मराठवाडा, विदर्भ, सौराष्ट्र आणि कच्छ मुंबई राज्यात येतात. विजापूर, धारवाड, कारवार आणि चंदगड तालुका सोडून बेळगाव म्हैसूर राज्यात जातात. हेच ते द्विभाषिक मुंबई राज्य. तिसरी चौकट १ मे १९६०, महाराष्ट्र आणि गुजरात. चौथी १९ डिसेंबर १९६१, गोवा मुक्त झाला तो दिवस.

यातला कोणताही बदल हळूहळू झालेला नाही. ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री लातूर हैदराबाद राज्यात होतं, दुसऱ्या दिवशी मुंबई राज्यात. सीमा सरकली नाही, जिल्ह्याचं राज्य बदललं. लढाईत फौजा पुढे सरकतात तिथे सरकती सीमा शोभते. इथे ती दाखवली तर मुलांना वाटतं की कोणीतरी मुलूख जिंकत चाललं होतं. म्हणून प्रॉम्प्टमध्ये ‘सीमा सरकव’ असा शब्द येता कामा नये. रंग बदलेल आणि सीमा त्यामागोमाग आपोआप नव्या जागी दिसेल.

नकाशाची फाइल

भारताच्या जिल्ह्यांची जिओजेसन फाइल मोफत मिळते, पण ती जड असते आणि आपल्याला सगळा देश नकोच आहे. पश्चिम भारत आणि दख्खन पुरे. याचा आणखी एक फायदा आहे. देशाची बाह्य सीमा सर्वेक्षण खात्याच्या नकाशाशी न जुळणारी छापली तर तो कायद्यानं गुन्हा आहे, आणि परदेशी फायलींमध्ये नेमका जम्मू-काश्मीरचा भाग चुकलेला असतो. चित्रात तो भाग नसेल तर ती कटकट राहत नाही. मात्र कच्छचं टोक नीट तपासा, तिथे पाकिस्तानची सीमा लागते.

फाइल mapshaper.org वर उघडा, वरच्या बाजूला Console वर टिचकी मारा आणि या ओळी एकेक करून द्या:

```
-clip bbox=68,13.5,82,25
-filter-fields district
-simplify 8% keep-shapes
-rename-layers jilhe
-o jilhe.json format=topojson
```

पहिली ओळ नकाशा कापते. दुसरी जिल्ह्याच्या नावाचा रकाना सोडून बाकी सगळी माहिती काढून टाकते. तुमच्या फाइलमध्ये या रकान्याचं नाव वेगळं असेल तर तिथे तेच लिहा. तिसरी ओळ किनाऱ्याचे बारीक कंगोरे कमी करते. आठ टक्के ही माझी सुरुवात असते. रत्नागिरीचा किनारा काचेसारखा टोकदार दिसू लागला तर पंधरा करा.

मिळालेल्या फाइलचं नाव बदलून nakasha.js करा आणि आत अगदी सुरुवातीला `const NAKASHA = ` एवढं लिहा. कारण साधं आहे. फाइलवर दोनदा टिचकी मारून पान उघडलं, की ब्राउझर सुरक्षिततेपायी शेजारची डेटा फाइल वाचू देत नाही आणि पान पांढरं राहतं. एआयनं लिहिलेला कोड बहुतेक वेळा इथेच अडतो. दोष कोडचा नसतो, उघडण्याच्या पद्धतीचा असतो. माहिती .js फाइलमध्ये असली की ही अडचण येत नाही आणि शाळेत इंटरनेट नसलं तरी चालतं. त्यासाठी d3.v7.min.js आणि topojson-client.min.js या नकाशा काढायला लागणाऱ्या तयार कोडच्या दोन फायलीही आधीच उतरवून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

तक्ता: सगळा इतिहास इथे आहे

एका ओळीत एक जिल्हा, आणि चार तारखांना तो कुठे होता ते. जिल्ह्याचं स्पेलिंग नकाशाच्या फाइलमध्ये जसं आहे तसंच हवं.

```
district,1950,1956,1960,1961
Pune,MUM,MUM,MAH,MAH
Latur,HYD,MUM,MAH,MAH
Nagpur,MPR,MUM,MAH,MAH
Rajkot,SAU,MUM,GUJ,GUJ
Kachchh,KUT,MUM,GUJ,GUJ
Amreli,MUM,MUM,GUJ,GUJ
Dang,MUM,MUM,GUJ,GUJ
Belagavi,MUM,X,X,X
Raichur,HYD,X,X,X
Jabalpur,MPR,X,X,X
Indore,X,X,X,X
North Goa,POR,POR,POR,GOA
```

MUM, HYD, MPR हे राज्यांचे संकेत. X म्हणजे या गोष्टीच्या बाहेरचा, राखाडी. बेळगाव म्हैसूरमध्ये गेलं म्हणजे आपल्या नकाशावर राखाडी झालं. म्हैसूरला वेगळा रंग द्यायला गेलात तर मद्रास, आंध्र, कूर्ग सगळ्यांचाच हिशेब मांडावा लागेल.

आजचे जिल्हे घेऊन १९५० चा नकाशा कसा काढायचा, असं कोणी विचारेल. तो बऱ्यापैकी काढता येतो, कारण नंतर झालेले बहुतेक जिल्हे जुन्या जिल्ह्यांच्या पोटातून निघाले. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये झाला, पण तिन्ही आधी ज्या जिल्ह्यांत होते ते हैदराबाद राज्यातलेच. म्हणून मराठवाड्याच्या आजच्या आठही जिल्ह्यांना पहिल्या रकान्यात HYD. विदर्भाच्या अकरांना MPR. उरलेल्या सतरा जिल्ह्यांना MUM. महाराष्ट्राचे छत्तीस इथे संपतात. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, पण बीदरही हैदराबादेतच, त्यामुळे रंग चुकत नाही. चंदगड बेळगाव जिल्ह्यात होतं, पण १९५० मध्ये बेळगाव आणि कोल्हापूर दोन्ही मुंबई राज्यात. तिथेही निभावतं.

एका ठिकाणी निभावत नाही. राजुरा तालुका हैदराबादच्या अदिलाबाद जिल्ह्यातून आला आणि आज तो चंद्रपुरात आहे. चंद्रपूरला सरसकट MPR दिलं की दक्षिणेचा तो तुकडा पहिल्या चौकटीत चुकीचा रंगतो. तालुक्यांची फाइल मिळाली तर तेवढा तुकडा वेगळा करा. नाही तर नकाशाखाली ‘आजच्या जिल्ह्यांवरून सोपा केलेला नकाशा’ अशी ओळ टाका आणि चंद्रपूरच्या शाळेत शिकवत असाल तर तोंडी सांगा. तिथली मुलं नक्की विचारतील.

गुजरात आणि मध्य प्रदेश भरताना जास्त चुका होतात. सौराष्ट्राचं द्वीपकल्प दिसलं की सगळ्यालाच SAU लिहावंसं वाटतं. पण अमरेली बडोद्याच्या गायकवाडांकडे होतं, त्यामुळे बडोदा विलीन झाल्यावर ते मुंबई राज्यात आलं आणि १९५० च्या नकाशावर सौराष्ट्राच्या मधोमध मुंबईच्या रंगाचं बेट दिसतं. आजच्या अमरेली जिल्ह्याच्या सीमा तेव्हापेक्षा वेगळ्या आहेत, तरी बेट दाखवणं न दाखवण्यापेक्षा बरं. तसंच आजचा अख्खा मध्य प्रदेश MPR करू नका. इंदूर तेव्हा मध्य भारत राज्यात होतं आणि भोपाळ स्वतःच एक राज्य होतं. जबलपूर, सागर, छिंदवाडा, बैतूल, बालाघाट, सिवनी, मंडला, खांडवा या बाजूचे आणि आजच्या छत्तीसगडचे जिल्हे MPR, बाकी X.

हा तक्ता एआयकडून भरून घेऊ नका. तो भरून देईल, अगदी आत्मविश्वासानं देईल, आणि इंदूर मध्य प्रदेशात टाकेल. दीडशेच्या आसपास ओळी होतात, त्या हातानं भरायला एक दुपार जाते. खऱ्या कामाचा मोठा भाग तोच आहे. भरून झाला की तो takta.js मध्ये `const TAKTA = ` लिहून उलट्या अवतरणचिन्हांत ठेवा.

प्रॉम्प्ट

आता प्रॉम्प्ट. मराठीत लिहिला तरी चालतो, फक्त फायलींची आणि आज्ञांची नावं जशीच्या तशी ठेवायची.

```
मला वर्गात प्रोजेक्टरवर दाखवायला एक index.html हवी आहे.
इंटरनेट नसेल. त्याच फोल्डरमध्ये या फायली आहेत:
d3.v7.min.js, topojson-client.min.js, nakasha.js, takta.js
NAKASHA = TopoJSON, थर jilhe, नावाचा रकाना district.
TAKTA = CSV मजकूर, d3.csvParse ने वाच.

नकाशा
- स्वतः कोणताही आकार किंवा सीमा काढू नकोस.
- जिल्ह्याचा रंग फक्त TAKTA वरून ठरव.
- तक्त्यात नाव न सापडलेला जिल्हा भडक गुलाबी दाखव.
- राज्यसीमा: topojson.mesh, शेजारच्या दोन जिल्ह्यांचा
  संकेत वेगळा असेल तिथेच जाड गडद रेघ.
- जिल्ह्यांच्या रेघा अगदी फिकट. समुद्र पांढरट.

चौकटी: 1950, 1956, 1960, 1961
- स्पेसबारने पुढची, डावीकडच्या बाणाने मागची.
  आपोआप पुढे जाऊ नये.
- बदल 2 सेकंदांचा: ज्यांचा संकेत बदलतो तेच जिल्हे
  आधी 3 वेळा लुकलुकतील, मग रंग बदलेल.
  रेघ सरकवू नकोस; जुनी विरेल, नवी उमटेल.
- खाली काळरेषा, 1950 ते 1961, वर्षांच्या प्रमाणात अंतर,
  चार ठिपके, चालू ठिपका मोठा.
- वर डावीकडे तारीख आणि खाली एक वाक्य (मजकूर खाली दिला आहे).

लेबलं
- शब्द आणि जागा (रेखांश, अक्षांश) खाली दिल्या आहेत त्याच.
- ठळक, पांढऱ्या कडेसह, letter-spacing 0.
- अक्षर-अक्षर उमटवू नकोस; पूर्ण शब्द एकदम दिसू दे.

करू नकोस: नवीन घटना, चित्रं, बाण, संगीत, इंग्रजी मजकूर,
मधली वर्षं, स्वतःची स्पष्टीकरणं.
```

यातल्या दोन ओळींवर थोडं थांबतो.

पहिली गुलाबी रंगाची. नकाशात Ahmadnagar आणि तक्त्यात Ahilyanagar असेल, किंवा Raigad आणि Raigarh असेल, तर त्या जिल्ह्याला रंग मिळत नाही. सांगितलं नाही तर कोड तो गुपचूप राखाडी करतो, आणि आपल्या नकाशात राखाडीला अर्थ आहे. म्हणजे अहिल्यानगर महाराष्ट्राबाहेर दिसतं आणि दाखवताना मागच्या बाकावरचा कोणीतरी ते ओरडून सांगतो. गुलाबी असेल तर घरीच कळतं. सगळा गुलाबी गेला की तक्त्यातली नावं जुळली असं समजा.

दुसरी topojson.mesh ची. राज्याची सीमा आपण कुठेच साठवलेली नाही. दोन शेजारी जिल्ह्यांचा संकेत वेगळा आहे का एवढंच कोड बघतो आणि असेल तिथे रेघ ओढतो. १९५६ ला धाराशिव आणि सोलापूर दोन्ही MUM झाले की त्यांच्यामधली रेघ आपोआप नाहीशी होते. ही आज्ञा नावानं मागितली नाही, तर एआय प्रत्येक राज्यासाठी वेगळी बाह्यरेषा रचायला बसतो आणि जिल्ह्यांच्या सांध्यांत बारीक पांढऱ्या फटी राहतात. अशा फटी दिसल्या तर त्यानं mesh वापरलं नाही हे ओळखा.

लेबलं आणि मजकूर

प्रॉम्प्टच्या शेवटी हा भाग जोडा:

```
1950 | 26 जानेवारी 1950
वाक्य: मराठी भाषकांचा प्रदेश तीन राज्यांत विभागलेला होता.
मुंबई राज्य 74.5,18.8 | हैदराबाद राज्य 77.6,17.8
मध्य प्रदेश 79.6,22.2 | सौराष्ट्र 70.6,22.2 | कच्छ 69.8,23.5
पोर्तुगीज गोवा 72.4,15.2 (समुद्रात, बारीक रेघेने गोव्याला जोड)

1956 | 1 नोव्हेंबर 1956
वाक्य: मराठवाडा, विदर्भ, सौराष्ट्र आणि कच्छ मुंबई राज्यात आले.
मुंबई राज्य 75.5,19.5 | पोर्तुगीज गोवा 72.4,15.2

1960 | 1 मे 1960
वाक्य: मुंबई राज्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्ये झाली.
महाराष्ट्र 75.8,19.4 | गुजरात 72.2,22.9
पोर्तुगीज गोवा 72.4,15.2

1961 | 19 डिसेंबर 1961
वाक्य: गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला.
महाराष्ट्र 75.8,19.4 | गुजरात 72.2,22.9 | गोवा 72.4,15.2
```

जागा हातानं देण्याचं कारण असं. सांगितलं नाही तर कोड लेबल आकाराच्या मध्यबिंदूवर ठेवतो. १९५६ चं मुंबई राज्य खंबातच्या आखाताला वळसा घालून कच्छपासून गडचिरोलीपर्यंत पसरलं होतं. अशा वाकड्या आकाराचा मध्यबिंदू कुठेही जाऊन पडतो आणि चौकट बदलताना लेबल उडी मारतं. मुलांची नजर मग रंगाकडे न जाता त्या शब्दाच्या मागे पळते.

letter-spacing आणि अक्षर-अक्षर उमटवण्याला मनाई देवनागरीसाठी आहे. अक्षरांत अंतर टाकलं की शिरोरेषा तुटते आणि ‘महाराष्ट्र’ हा शब्द सुटे दात असल्यासारखा दिसतो. टाइपरायटरसारखं उमटवलं तर ‘ष्ट्र’ आधी ‘ष’, मग पाय मोडलेला ‘ष्’, मग ‘ष्ट’ असं धडपडत येतं. इंग्रजीसाठी बनलेली ही हौस आहे, आपल्याला नको. वर्गातल्या संगणकावर मराठी फॉन्ट चांगला असेलच असं नाही, म्हणून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीची फाइल फोल्डरमध्ये ठेवून तीच वापरायला सांगा.

लेबलं पहिल्या चौकटीत सहा आहेत, ती कमाल समजा. जिल्ह्यांची नावं, शहरं, नद्या काहीही घालू नका. ‘हुतात्मा चौक’ दाखवावासा वाटतो, हे मला मान्य आहे. पण तो सीमेच्या नकाशावरचा विषय नाही. चौकट थांबवून तोंडी सांगायचा.

रंग काय सांगतो

रंग निवडताना एक पेच येतो. १९६० ला महाराष्ट्राला मुंबई राज्याचाच रंग ठेवायचा की नवा द्यायचा? तोच ठेवला तर गुजरात तुटून गेलं असं दिसतं. दोघांना नवे दिले तर मुंबई राज्य संपलं आणि दोन नवी राज्यं जन्मली असं दिसतं. कायद्यात पाहिलं तर गुजरात हे नवं राज्य वेगळं काढलं आणि उरलेल्या मुंबई राज्याला महाराष्ट्र असं नाव दिलं. मी कायद्याच्या बाजूनं गेलो: भगवा-नारिंगी तोच, नाव बदललं. पण वर्गात गुजराती मुलंही असतील आणि दोन भाषांची दोन राज्यं हा मुद्दा ठसवायचा असेल, तर दोन्ही नवे रंग द्यायला हरकत नाही. तक्त्यात MUM आणि MAH हे संकेत वेगळे ठेवले आहेत ते यासाठीच. कोणत्या संकेताला कोणता रंग, आणि X ला राखाडी, अशी एक ओळ प्रॉम्प्टमध्ये जोडा, नंतर फक्त तीच बदलायची.

रंग भडक आणि एकमेकांपासून लांबचे घ्या: नारिंगी, गडद निळा, जांभळा, शेवाळी, तपकिरी, काळपट लाल. जुन्या प्रोजेक्टरवर पिवळा आणि फिकट हिरवा दोन्ही पांढरेच दिसतात. लाल आणि हिरवा शेजारी ठेवू नका, दर वर्गात एखाददुसऱ्या मुलाला त्यांतला फरक दिसत नाही.

बेळगावबद्दल एक शब्द. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि आपल्याला काय वाटतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही १९५६ नंतरच्या चौकटीत बेळगाव राखाडीच राहू द्या. कोणत्या तारखेला कुठे होतं एवढंच नकाशा सांगतो. वाद दाखवायचा असेल तर बेळगाव, कारवार आणि बीदर भागाभोवती शेवटच्या चौकटीत तुटक रेघ मागता येते, पण त्यासाठी तालुक्यांचा नकाशा लागेल. जिल्ह्यांच्या नकाशावर ती रेघ दाव्यापेक्षा फार मोठा प्रदेश घेते.

पहिला कोड आल्यावर

पहिल्या खेपेला सगळं बरोबर येत नाही. ठरलेल्या क्रमानं तपासा, आणि एका वेळी एकच दुरुस्ती सांगा. पाच तक्रारी एकदम केल्या की तिसरी सुधारताना पहिली पुन्हा बिघडते.

पान पांढरं असेल तर F12 दाबून Console मधली लाल ओळ जशीच्या तशी चॅटमध्ये टाका. सगळा पडदा एकाच रंगानं भरला असेल तर नकाशातल्या कडा उलट्या दिशेनं वाचल्या जात आहेत. त्याला सांगा: ‘geoMercator ऐवजी d3.geoIdentity().reflectY(true) वापर, लेबलांच्या जागाही त्यातूनच काढ.’ नकाशा किंचित रुंद दिसेल, पण एवढ्या भागापुरता तो फरक मुलांना जाणवत नाही.

मग गुलाबी जिल्हे. ते तक्त्यात दुरुस्त करायचे, कोडला हात लावायचा नाही.

त्यानंतर आठ जिल्हे डोळ्यांनी तपासा, प्रत्येक चौकटीत: लातूर, नागपूर, राजकोट, अमरेली, डांग, बेळगाव, इंदूर, उत्तर गोवा. हे आठ बरोबर असतील तर सहसा बाकीचेही बरोबर असतात, कारण बहुतेक चुका यांच्याच आसपास होतात. डांग आठवणीनं बघा. तो १९६० पर्यंत मुंबईच्या रंगात आणि मग गुजरातच्या रंगात हवा. मराठी शाळांतल्या जुन्या तक्त्यांवरून भरणारे तो कधीकधी महाराष्ट्रात टाकतात.

शेवटी मजकूर. मनाई करूनही कोडमध्ये कुठेतरी ‘संयुक्त महाराष्ट्राची विजयगाथा’ असलं शीर्षक शिरतं, किंवा काळरेषेवर पाचवा ठिपका येतो. पडद्यावरचा प्रत्येक शब्द तुम्ही दिलेल्या यादीशी ताडून बघा. एकही जास्तीचा नको. दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्येच पोर्तुगीजांच्या हातून सुटली होती, पण पालघरजवळचा तो ठिपका या आकारात दिसतही नाही. त्याला X देऊन सोडा. दमण आणि दीवलाही तसंच.

वर्गात

चौकट आपोआप पुढे जाऊ नये असं प्रॉम्प्टमध्ये सांगितलं ते प्रश्नासाठी. १९५० च्या नकाशावर थांबून विचारायचं: आपलं गाव कुठल्या रंगात आहे? परभणीतल्या मुलांना आपण हैदराबादच्या रंगात आहोत हे बघायला दोन मिनिटं द्या. मग स्पेसबार. लुकलुकणारे जिल्हे बोटानं मोजायला लावा: किती आले, किती गेले. १९५६ ला येणारे आणि जाणारे एकाच वेळी लुकलुकतात. गोंधळ वाटला तर प्रॉम्प्टमध्ये ‘आधी राखाडी होणारे, मग एक सेकंद थांबून मुंबईत येणारे’ अशी ओळ जोडा. प्रत्यक्षात ते एकाच दिवशी झालं, हे मात्र सांगायचं.

व्हिडिओच हवा असेल तर पडदा रेकॉर्ड करा, प्रत्येक चौकटीवर आठ सेकंद थांबून. चार चौकटींची फीत पाऊण मिनिटाच्या आत बसते आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सहज जाते. मूळ फोल्डर जपून ठेवा. पुढच्या वर्षी कोणी राजुऱ्याचा तालुका-नकाशा आणून दिला, तर नकाशात तो तुकडा जोडून तक्त्यात एकच ओळ वाढवावी लागेल:

```
Rajura,HYD,MUM,MAH,MAH
```